आभाराचे पत्र आणि शेवटची एक ओळ

(द्वितीय वर्ष, कला)

बाईंना मी लिहिलेले पहिले पत्र तीन पानांचे होते आणि त्यात कामाची ओळ एकच होती. ती ओळही शेवटून दुसरी. पत्र वाचून बाईंचे डोळे पाणावले, असे त्यांनी मला नंतर सांगितले. पण माझे काम मात्र झाले नाही. ते का झाले नाही, आणि दुसरे पत्र कसे लिहावे लागले, ते येथे सांगणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांना यंदा किंवा पुढच्या वर्षी असेच पत्र लिहावे लागणार आहे म्हणून हा खटाटोप.

2025 च्या जानेवारीत महाविद्यालयाने आम्हा काही जणांना 60 तासांच्या आंतरवासितेसाठी गावातील निरनिराळ्या ठिकाणी पाठविले. आंतरवासिता हा शब्द कागदावरचा. बोलताना सगळे इंटर्नशिपच म्हणतात, आणि आमच्या घरी ‘शाळेतली नोकरी’ म्हणत आणि मग पगाराचे विचारत. मला एक प्राथमिक शाळा मिळाली, आणि तीत तिसरीचा वर्ग. आठवड्यातून तीन दिवस, रोज दोन तास, असे दहा आठवडे. सुट्ट्यांमुळे जे तास बुडाले ते शुक्रवारी जाऊन भरून काढले. वर्गाच्या बाई याच माझ्या मार्गदर्शक. माझ्या वहीवर तासांची सही त्यांची आणि चुकले तर समजावणेही त्यांचेच.

काम संपत आले तेव्हा मुलांच्या वाचनाचे काम करणाऱ्या एका संस्थेची जाहिरात पाहिली. उन्हाळ्यात सहा आठवडे वस्तीवस्तीत वाचनवर्ग घ्यावयाचे आणि त्याचे मानधन. ते मानधन म्हणजे माझे दुसऱ्या वर्षाचे शुल्क आणि वर पुस्तके. ते मिळाले नाही तर सुट्टीत आईबरोबर कांदा निवडायला शेडवर जाणे ठरलेलेच होते. अर्जात एक रकाना होता: ‘आपले काम प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन व्यक्तींची नावे व संपर्क’. दोनपैकी एक नाव आमच्या प्राध्यापकांचे झाले. दुसरे बाईंचेच असणार, यात मला शंका नव्हती.

तेव्हा शेवटच्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी पत्र लिहावयास बसले. पत्रलेखन आपण सर्वांनी शाळेत केले आहे. दहावीला अभिनंदनाचे पत्र असते, विनंतीचे असते, मागणीचे असते. पण परीक्षेत ती वेगवेगळी विचारतात. आभार मानता मानता काही मागावयाचे असेल तर काय करावे, हे मात्र कोणी विचारीत नाही. माझ्या मते या पत्राची सारी अडचण येथेच आहे. अर्धे पत्र घरगुती आहे, अर्धे कचेरीतले आहे, आणि एकाच कागदावर दोघांना नांदावयाचे आहे.

मी काय केले? घरगुती अर्ध्यात सारा जीव ओतला. ‘आपण माझ्या जीवनातील दीपस्तंभ आहात’, ‘आपल्या ऋणातून मी कधीही मुक्त होऊ शकणार नाही’, ‘आपल्यासारख्या गुरू लाभणे हे माझे पूर्वजन्मीचे सुकृत’, अशी तीन पाने. निबंधाच्या वहीत ही वाक्ये मी पूर्वी लिहिली होतीच. आणि शेवटी, मागावयाची लाज वाटत असल्यामुळे, हळूच एक ओळ: ‘जमल्यास मला एक संदर्भ द्यावा, ही नम्र विनंती.’

चार दिवसांनी बाईंनी मला बोलावले आणि एक पाकीट हातात दिले. आत शाळेच्या नाममुद्रित कागदावर जावक क्रमांकासह, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा एक दाखला होता. ‘सदर विद्यार्थिनीने या शाळेत 60 तास आंतरवासिता पूर्ण केली असून ती सुस्वभावी, मेहनती व होतकरू आहे. तिच्या वर्तणुकीबाबत कोणतीही तक्रार नाही. तिला भावी आयुष्यासाठी शुभेच्छा.’ बाई म्हणाल्या, “संदर्भ म्हणजे नेमकं काय हवंय ते मला कळलं नाही गं. कार्यालयात विचारलं, तर ते म्हणाले, पत्रावर ‘संदर्भ’ म्हणून मागच्या पत्राचा क्रमांक घालतात, तो असेल. मी म्हटलं, तसं नसणार, मग हा दाखला करून घेतला.”

कार्यालयातील गृहस्थांचे काहीच चुकले नव्हते. शासकीय पत्रात ‘विषय’ लिहून झाला की खाली ‘संदर्भ’ येतो आणि तेथे आधीच्या पत्राचा क्रमांक आणि दिनांकच येतो. मी इंग्रजीतल्या ‘रेफरन्स’चे सरळ मराठी केले आणि तो शब्द मराठीत आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

दाखला घेऊन मी अर्ज पुन्हा वाचला. तेथे दाखला जोडावयास कोठे जागाच नव्हती. संस्थेला कागद नको होता, माणूस हवा होता: ज्याला ते स्वतः विचारतील आणि जो उत्तर देईल. मग मी आमच्या मराठीच्या सरांकडे गेले. त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहून दिले आणि म्हणाले, “यांतला कोणता हवा ते आधी ठरव. मग पत्र लिही.”

पहिला शब्द प्रमाणपत्र, म्हणजेच माझ्या हातातला दाखला. अमुक मुलीने अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतके तास काम केले, ही घटना तो सांगतो. हा संस्थेचा कागद आहे. म्हणून तो नाममुद्रित कागदावर येतो, जावक नोंदवहीत त्याची नोंद होते आणि सही संस्थाप्रमुखाची असते. मुख्याध्यापकांनी मला शिकविताना एकदाही पाहिले नाही तरी ते हा दाखला देऊ शकतात, कारण तो शाळेच्या नोंदींवरून दिला जातो. दुसरा वर्तणुकीचा किंवा चारित्र्याचा दाखला. तो ‘तक्रार नाही’ एवढेच म्हणतो. माझ्या पाकिटात पहिला आणि दुसरा एकत्र झाले होते. तिसरे शिफारसपत्र. हे एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेले असते. ज्याने काम पाहिले त्याने, आपल्या नावावर, आपल्या शब्दांत. सहसा ते एखाद्या नेमक्या कामासाठी असते आणि त्याची जबाबदारीही त्या माणसाची स्वतःची असते. चौथ्याला मराठीत रूढ शब्द नाही. सरांनी तेथे ‘विचारणेसाठी नाव’ असे लिहिले. यात आधी काहीच लिहून द्यावयाचे नसते. आपले नाव आणि पत्ता देण्यास संमती द्यावयाची, आणि कोणी विचारले तर खरे सांगावयाचे.

मला चौथे हवे होते, मी तिसऱ्यासारखे मागितले, आणि मिळाले पहिले. एका चुकीच्या शब्दामुळे तिघांचा, म्हणजे बाईंचा, मुख्याध्यापकांचा आणि कार्यालयातल्या गृहस्थांचा वेळ गेला. (दाखला वाया गेला नाही, तो आज माझ्या फाइलीत आहे. तासांचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग होईलच.)

येथे घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. रात्री जेवताना मी दादांना, म्हणजे वडिलांना, हे सर्व सांगितले. ते मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांनी घास हातात धरूनच विचारले, “म्हणजे वशिलाच ना? बाईंचा वशिला लावायचा?” मी नाही म्हटले, पण फरक काय ते मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सरांना विचारले. ते म्हणाले, दोन्ही शब्द बाहेरूनच आलेले आहेत. शिफारस फारसीतून, वशिला मूळ अरबीतला, आणि तेथे त्याचा अर्थ नुसता साधन, मार्ग एवढाच. मराठीत येऊन तो बदनाम झाला. मग त्यांनी जो फरक सांगितला, तो दादांनाही पटला. वशिल्यात सांगणारा माणूस कोण आहे याला महत्त्व असते. त्याने काम पाहिले की नाही, हे कोणी विचारीत नाही. शिफारशीत त्याने काय पाहिले याला महत्त्व असते. तो लहान असला तरी चालतो. दादा म्हणाले, “असं आहे होय. आडतीवर नवा गडी घेताना मुकादम विचारतो, ह्याच्याबरोबर गाडी कुणी उतरवली आहे? तसं.” अगदी तसेच. आणि मुकादम ‘चांगला आहे का’ असे विचारीत नाही; किती पोती उचलतो, दुपारनंतर टिकतो का, असे विचारतो.

दादांचे हे बोलणे मला पत्र लिहिताना उपयोगी पडले. बाईंनी चांगले बोलावे एवढ्याने भागत नव्हते. बाईंना आठवले पाहिजे. त्यांच्या वर्गात 38 मुले, वर सरकारी माहितीचे तक्ते, आणि दरवर्षी कोणी ना कोणी शिकाऊ येऊन जातो. महिन्याने त्यांना माझा चेहरा आठवेल, स्वभाव आठवेल, पण मी नेमके काय केले ते त्या कोठून सांगणार? म्हणून तर ‘सुस्वभावी, मेहनती व होतकरू’ असे लिहावे लागते. ज्याला तपशील आठवत नाही तो विशेषणे लिहितो. आणि गंमत अशी, की मीही बाईंना तीन पाने विशेषणेच लिहिली होती. दीपस्तंभ काय आणि होतकरू काय, दोन्ही एकाच कारखान्यातली.

येथून माझ्या लक्षात आले, की आभार आणि विनंती ही दोन वेगळी कामे असली तरी त्यांचा कच्चा माल एकच आहे. बाईंनी एखाद्या दिवशी मला नेमके काय शिकविले, हे मी आभारात लिहिले, तर त्यांना तो दिवस आठवेल आणि त्याबरोबर माझे कामही आठवेल. मग विनंतीत मला स्वतःची स्तुती करावी लागणार नाही.

तो दिवस कोणता, हे सांगावयास हवे. मला वर्गातील अकरा मुले दिली होती, वाचनात मागे पडलेली. प्रथम त्यांची चाचणी घ्यावयाची होती. ‘असर’च्या पाहणीत असते तशीच ही शिडी: अक्षरे, मग साधे शब्द, मग सोप्या वाक्यांचा परिच्छेद, मग गोष्ट. मूल ज्या पायरीपर्यंत नीट वाचते ती त्याची पायरी. मी पहिल्या आठवड्यात ही चाचणी वर्गासमोरच घेतली, एकेकाला फळ्याजवळ उभे करून. पाच मुले काही बोललीच नाहीत. मी वहीत त्यांच्यापुढे ‘अक्षरे येत नाहीत’ अशी खूण केली. बाईंनी वही पाहिली, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हरांड्यात एक सतरंजी टाकली, मला तेथे बसविले आणि त्या पाच जणांना एकेक करून पाठविले. पाचांपैकी तिघांना शब्द वाचता येत होते. वर्ग हसेल म्हणून ती गप्प राहिली होती.

आता दुसरे पत्र देते. ते जसे पाठविले तसेच आहे. फक्त नावे काढली आहेत.

दि. 24 मार्च 2025

आदरणीय बाईंना,
सा. न. वि. वि.

आपल्या तिसरीच्या वर्गात जानेवारीपासून 13 मार्चपर्यंत मी 60 तास काम केले. मागच्या पत्रात मी आभार मानले, पण कशाबद्दल ते लिहावयाचे राहून गेले.

पहिल्या आठवड्यात मी मुलांची चाचणी सर्वांदेखत घेतली आणि पाच जणांची खूण चुकीची केली. आपण मला रागावला नाहीत. व्हरांड्यात सतरंजी टाकून दिलीत. त्या दिवसापासून मूल गप्प बसले, की ‘येत नाही’ असे लिहिण्याआधी मी जागा बदलून पाहते. जोडाक्षरांच्या वेळी आपण मला फळा सोडून मुलांच्या घरातील वस्तूंची नावे घेण्यास सांगितले. चप्पल, कुत्रा, दप्तर, रस्ता असे आम्ही तेहतीस शब्द जमविले. ती यादी अजून वर्गाच्या भिंतीवर आहे, हे पाहून मला फार बरे वाटले. याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे.

यापुढील मजकूर विनंतीचा आहे.

उन्हाळ्यात सहा आठवडे वाचनवर्ग घेण्याच्या कामासाठी मी एका संस्थेकडे अर्ज करीत आहे. माझे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन व्यक्तींची नावे तेथे द्यावयाची आहेत. त्यांपैकी एक म्हणून आपले नाव देण्यास आपली संमती मिळावी. आपणांस आता काही लिहून द्यावयाचे नाही. संस्था आपल्याला ईमेलने सात प्रश्न पाठवील. उत्तरे 15 एप्रिलपर्यंत द्यावयाची आहेत आणि ती मला दाखविली जाणार नाहीत.

आपल्याला सोयीचे नसेल, किंवा माझे काम पुरेसे पाहिलेले नाही असे वाटत असेल, तर तसे निःसंकोच सांगावे. मला दुसरे नाव देण्यास 5 एप्रिलपर्यंत अवधी आहे. संमती असल्यास कोणता ईमेल व कोणता दूरध्वनी क्रमांक द्यावा ते कळवावे. आपल्याला विचारल्यावाचून मी तो कोठेही देणार नाही.

आठवणीसाठी माझ्या कामाचे एक पानी टिपण सोबत जोडले आहे. मागच्या वेळी माझ्या शब्दामुळे आपला घोटाळा झाला व दाखल्यासाठी आपल्याला त्रास पडला, त्याबद्दल क्षमा असावी. दाखला मी जपून ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,

पत्र एवढेच. आता त्यातल्या काही गोष्टींविषयी.

मायन्याविषयी मी बराच वेळ घालविला. ‘तीर्थस्वरूप’ घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. बाईंना लिहिले असते तर फार जवळीक झाली असती. ‘महोदया’ लिहिले असते तर ज्या बाईंनी सतरंजी टाकली त्यांना परके केल्यासारखे झाले असते. ‘आदरणीय’ आणि खाली साष्टांग नमस्कार, हे मधले. पहिल्या पत्रात मी ‘आपली आज्ञाधारक’ अशी सही केली होती, तीही बदलली. सर म्हणाले, आज्ञाधारक माणसाला कोणी नकार द्यावयास धजत नाही, आणि या पत्रात नकाराला जागा हवी.

नकाराची ही जागा पुष्कळांना नको वाटते. माझ्या मैत्रिणीने पत्र वाचून विचारले, “तू स्वतःच त्यांना ‘नाही’ म्हणायला शिकवतेस की काय?” पण विचार करा. बाई भिडेपोटी हो म्हणाल्या आणि मग संस्थेला दोन कोरड्या ओळी लिहिल्या, तर ते नुकसान मला कधी कळणारही नाही. उत्तरे माझ्यापासून गुप्तच राहणार आहेत. तोंडावर आलेला नकार परवडतो, कारण दुसरे नाव देता येते. म्हणूनच 5 तारखेचा उल्लेख. नुसते ‘निःसंकोच सांगावे’ असे लिहिले तर ते शिष्टाचाराचे वाटते. मला दुसरी सोय करावयास वेळ आहे हे दिसले, की समोरच्याला खरोखर निःसंकोच होता येते. मुदतीला तीन आठवडे ठेवले तेही याचसाठी. परीक्षांच्या दिवसांत दोन आठवड्यांच्या आत कोणा शिक्षकाकडे असे काम नेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

‘यापुढील मजकूर विनंतीचा आहे’ हे वाक्य सरांना जरा रुक्ष वाटले. मी ते ठेवले. पहिल्या पत्रात मी आभारांच्या आड विनंती लपविली होती, आणि लपविलेली विनंती वाचणाऱ्याला शोधावी लागते. शिवाय लपविली, की आधीची तीन पाने कशासाठी होती याचा संशय येतो. मध्ये रेघ ओढल्यावर वरचे आभार निखळ आभार राहतात. ही रेघ ओढूनही कोणाला संकोच वाटत असेल तर दोन पत्रे करावीत, आभाराचे लगेच, विनंतीचे आठवड्याने. माझी आपोआप दोन झाली, ही गोष्ट वेगळी.

टिपणात काय होते तेही सांगते, कारण बाईंच्या म्हणण्याप्रमाणे पत्रापेक्षा त्याचाच उपयोग अधिक झाला. वर तारखा, एकूण तास, वर्ग. खाली अकरा मुलांची सुरुवातीची आणि शेवटची पायरी. सुरुवातीला, म्हणजे सतरंजीवर पुन्हा चाचणी घेतल्यानंतर, दोन मुले अक्षरांवर, सात शब्दांवर आणि दोन परिच्छेदावर होती. शेवटी एक अक्षरांवर, तीन शब्दांवर, पाच परिच्छेदावर आणि दोन गोष्टीवर. मुलांची नावे घातली नाहीत. अक्षरांवर राहिलेली मुलगी फेब्रुवारीत आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेली होती, हे लिहिले. आणि ही सुधारणा एकट्या माझी नाही, मी आठवड्यातून सहाच तास होते, बाकीचे बाईंचे आहेत, हेही लिहिले. ते लिहिले नसते तर बाईंना कसे वाटले असते, याचा विचार आता करवत नाही.

काही जण शिफारसपत्राचा तयार मसुदाच शिक्षकांपुढे ठेवतात आणि ‘सर, फक्त सही करा’ म्हणतात. सरांना विचारले तर ते म्हणाले, असे मसुदे ओळखू येतात; एकाच वर्गातल्या तीन मुलांसाठी तीन वेगवेगळ्या शिक्षकांची पत्रे आली आणि तिन्हींत तेच वाक्य असले, की वाचणारा तिन्ही बाजूला ठेवतो. टिपण आणि मसुदा यांत फरक असा, की टिपणात घटना असतात, मत नसते. मत ज्याचे त्याने लिहावयाचे.

मताची गोष्ट निघाली म्हणून सांगते. बाईंनी संमती दिली आणि मी त्यांनी सांगितलेला ईमेल अर्जात घातला. दहा दिवस झाले तरी त्यांना प्रश्न आले नाहीत. 8 एप्रिलला मी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत बाईंनी मोबाइल काढून पाहिले, तर संस्थेचे पत्र नको असलेल्या ईमेलांच्या ढिगात जाऊन पडले होते. कोणत्या नावाने आणि साधारण कधी पत्र येईल, हे मी आधीच सांगावयास हवे होते. बाईंनी तेथेच बाकावर बसून प्रश्न वाचावयास घेतले. किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने, कोणते काम पाहिले, मुलांशी वागणूक कशी, वेळ पाळते का, आणि ‘कोणत्या बाबतीत सुधारणेस वाव आहे’.

या प्रश्नावर त्या थांबल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “पहिले तीन आठवडे तू चार वेळा उशिरा आलीस. ते लिहू का?”

खरे होते. सकाळी नळाला पाणी येण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच. आई सहालाच कामावर जाते, तेव्हा पाणी भरून ठेवण्याचे काम माझेच. फेब्रुवारीत शेजारच्या काकूंशी बोलून मी त्याची सोय लावली आणि पुढे उशीर झाला नाही. माझ्या तोंडावर ‘नका लिहू’ आले होते. मग दादांच्या मुकादमाची आठवण झाली. ज्याच्यात काहीच उणे नाही असा गडी त्याला कोणी सांगितला, तर तो सांगणाऱ्याचेच ऐकणे सोडतो. मी म्हटले, “लिहा बाई. नंतर झाला नाही, तेही लिहा.”

“ते तर लिहिणारच,” त्या म्हणाल्या आणि मोबाइल घेऊन वर्गात गेल्या. उरलेले मी पाहिले नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संस्थेचे उत्तर आले. आमच्या तालुक्यासाठी जागा चारच होत्या आणि माझे नाव त्यांत नव्हते. प्रतीक्षायादीत दुसरे होते. मी त्याच दिवशी बाईंना दूरध्वनी केला. काम झाले नाही तरी ते सांगावयाचे असते, हे मला कोणी शिकविले नव्हते, पण ज्यांनी आपल्यासाठी सुट्टीतली बाकावरची वीस मिनिटे दिली त्यांना त्याचे पुढे काय झाले हे कळावयास नको का? बाई गावी होत्या, मागे गुरांचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, “टिपण मी ठेवलंय. पुढच्या वेळी डिसेंबरातच सांग.” मग त्यांनी विचारले, “वीटभट्टीवरची ती मुलगी तुमच्याच बाजूला राहते ना? जूनमध्ये ती शाळेत आली का बघशील?”

23 मे रोजी प्रतीक्षायादीतले पहिले नाव लागले. माझे लागले नाही. मी सुट्टीभर शेडवर कांदा निवडला, आणि संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या सहा मुलांना सतरंजीवर बसवून वाचावयास शिकविले. त्यांत ती मुलगीही होती. जूनच्या सुरुवातीला ती शब्दांवर आली. ते बाईंना पोस्टकार्डाने कळविले, आणि त्या पत्रात विनंती काही नव्हती.